फोटोतल्या मनगटात बांगड्या भरताना: सावली कुठं चिकटते, कुठं सुटते

सेलूजवळच्या एका गावातला, मे महिन्यातल्या हळदीचा फोटो. सकाळचे सव्वानऊ, अंगणात कोवळं सरून कडक व्हायला लागलेलं ऊन. नवरीने डावा हात छातीसमोर आडवा धरलाय, बोटं आपल्या डाव्या बाजूला, कोपर उजवीकडे, हाताची पाठ कॅमेऱ्याकडे. हातात विड्याचं पान. मनगटावर मात्र केसांचं एक काळं रबर, बाकी काही नाही. कासार उशिरा आला, चुडा दुपारी भरला गेला, आणि अल्बमच्या पहिल्या पानावर नेमका हाच फोटो हवा. नवरीची आत्या स्टुडिओत येऊन म्हणाली, "दादा, हात लई रिकामा दिसायलाय बगा. आठ हिरव्या बांगड्या अन् म्होरं एक पाटली, एवढं करून द्या."

आमच्याकडच्या पोराने दहा मिनिटांत करून दाखवलं. नेटवरून बांगड्यांचं चित्र उतरवलं, मनगटावर ठेवलं, Drop Shadow लावली. आत्याने फोटो जवळून पाहिला, लांबून पाहिला, आणि म्हणाली, "भरल्यावानी नाही वाटंना. वर ठेवल्यावानी दिसायल्यात." नेमकं काय चुकलं ते तिला सांगता आलं नाही, पण तिचं बरोबर होतं. आयुष्यभर बांगड्या घातलेल्या बाईच्या डोळ्याला हे लगेच कळतं.

चुकलं ते असं: Drop Shadow सगळीकडे सारख्या अंतरावर, सारख्या जाडीची सावली टाकते. जणू बांगडी सपाट पाटावर चिकटवली आहे. मनगट सपाट नसतं आणि बांगडी मनगटाला सगळीकडून चिकटलेली नसते. एका जागी ती टेकते, बाकी ठिकाणी अधांतरी असते. जिथं टेकते तिथं सावली बांगडीला चिकटते, जिथं सुटते तिथं सावलीही सुटून लांब पडते. एवढं जमलं की निम्मं काम झालं. म्हणून हा लेख बांगडीचं चित्र कापण्यापेक्षा सावलीबद्दलच जास्त आहे. मी फोटोशॉप वापरतो; ज्यांच्याकडे नाही त्यांना ब्राउझरमधल्या फोटोपीवरही हेच सगळं करता येतं, नावंही जवळपास तीच आहेत.

आधी माप काढा

घरच्यांना दोन गोष्टी विचारायच्या: बांगडी कोणत्या मापाची लागते आणि मनगट किती रुंद आहे. बांगडीचं माप बायका तोंडावर सांगतात. "सव्वादोन" किंवा "दोन-चार" म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सोळांशातले चार भाग, म्हणजे २.२५ इंच, साधारण ५७ मिलिमीटर. दोन-सहा म्हणजे ६० च्या आसपास, अडीच म्हणजे ६३.५. मनगटाचं माप मात्र घेरात सांगतात, ते आपल्या कामाचं नाही. पट्टी आडवी धरून रुंदी आणि उभी धरून जाडी मोजून पाठवायला सांगा. या नवरीचं मनगट ५२ मिलिमीटर रुंद आणि ३८ मिलिमीटर जाड निघालं, बांगडी सव्वादोनची.

फोटोत तेच मनगट ५२० पिक्सेल रुंद होतं. म्हणजे १ मिलिमीटरला १० पिक्सेल. हा एक आकडा कागदावर लिहून ठेवा, पुढं सगळं यावरच चालतं.

आता जरा बांगडीचा विचार करा. आत ५७ मिलिमीटरची गोल जागा, आणि त्यात ५२ बाय ३८ चं लांबट मनगट. हात आडवा आणि अंगठा वर असल्यामुळे बांगडी अंगठ्याच्या बाजूच्या वरच्या कडेवर टेकणार आणि तिथून लोंबणार. वरच्या कडेला फट शून्य. खालच्या कडेला ५७ वजा ५२, म्हणजे ५ मिलिमीटर मोकळी जागा. पण खरी गंमत मध्यभागी, म्हणजे आपल्याला समोर दिसणाऱ्या हाताच्या पाठीवर आहे. तिथं मनगट जाडीने कमी आहे. ५७ मधून ३८ गेले तर १९ उरतात, ते पुढं-मागं अर्धे-अर्धे वाटले की समोर साधारण ९ मिलिमीटरची फट येते. म्हणजे समोरून बांगडी कातडीवर टेकल्यासारखी दिसते खरी, पण मधोमध ती कातडीपासून बोटभर नाही तरी अर्ध्या बोटाइतकी तरी वर असते. पटत नसेल तर घरातल्या कुणाच्या तरी हातातली सैल बांगडी बघा. मधून पेन्सिल सहज जाते.

हात वेगळा धरलेला असेल तर टेकण्याची जागा बदलते. हात खाली सोडलेला असेल तर बांगड्या घसरून अंगठ्याच्या मुळाशी गोळा होतात आणि थोड्या तिरक्या पडतात. हात वर असेल, तर कोपराकडे सरकून जिथं हात जाड होतो तिथं अडकतात, आणि तिथं मात्र त्या बऱ्याच ठिकाणी टेकतात. तळहात खाली करून आडवा धरलेला हात असेल तर बांगडी वर टेकते आणि खाली जवळपास दोन सेंटिमीटर लोंबते. त्या लोंबणाऱ्या कडीतून मागची साडी दिसायला हवी. ती फट भरून टाकलेले अल्बम मी पाहिलेत. बांगडीला पोट सुटल्यासारखं दिसतं.

जुनं काढताना त्याची सावलीही काढा

रबर काढायचं तर आधी विचारा. रबर ठीक आहे, पण काळा दोरा असेल तर तो नजरेसाठी बांधलेला असतो आणि काढला तर घरचे रागावतात. मी एकदा न विचारता पुसला होता, परत बांधून द्यावा लागला.

Clone Stamp घ्या आणि वेगळ्या लेयरवर काम करा. नवीन लोक मनगटाच्या मध्यातून कातडी उचलतात आणि कडेला लावतात. मग रबर जातं, पण मनगट चपटं होतं. मनगट हे लाटण्यासारखं गोल आहे. उजेड त्याच्या आडव्या बाजूने वरून खाली बदलत जातो, लांबीच्या दिशेने मात्र फारसा बदलत नाही. म्हणून नमुना नेहमी लांबीच्या दिशेने घ्यायचा: वरच्या कडेचं रबर पुसायला वरच्याच कडेची कातडी, थोडी कोपराकडून. खालच्या कडेला खालची.

रबर गेल्यावर तिथं काय राहिलं ते बघा. एक तर त्याची सावली. कोपराच्या बाजूला पातळ काळसर रेघ राहून जाते आणि नवीन बांगड्या चढल्यावर ती कुणाची आहे हेच कळत नाही. दुसरं म्हणजे रबराने पडलेला वळ. तो बांगड्यांखाली झाकला जाणार असेल तर राहू द्या. उघडा राहणार असेल तर पुसा.

बांगड्यांचा फोटो स्वतः काढा

नेटवरची चित्रं दुकानातल्या पांढऱ्या कागदावर, चारी बाजूंनी दिवे लावून काढलेली असतात. त्यांच्यावर आधीच एक उजेड बसलेला असतो, तो आपल्या अंगणातल्या उन्हाशी जुळत नाही. सोन्याचं तर विचारूच नका. पॉलिश केलेली पाटली म्हणजे वाकडा आरसा, तिच्यात आजूबाजूचं सगळं दिसतं. पांढऱ्या कागदावरची पाटली पांढरं दाखवते, आणि नवरीच्या पिवळ्या साडीसमोर ती उपरी दिसते.

मी कासाराकडून त्याच मापाच्या हिरव्या बांगड्या आणल्या, बहिणीची पाटली घेतली, तिच्याच हातात भरल्या आणि मागं पिवळं कापड धरून गच्चीवर फोटो काढला. ऊन त्याच बाजूने आणि तेवढ्याच उंचीवर असलं पाहिजे. मूळ फोटोतल्या नवरीच्या नाकाची, हनुवटीची सावली बघितली की बाजू कळते: इथं ऊन डावीकडून, म्हणजे बोटांच्या बाजूने, थोडं पुढून आणि वरून येत होतं. उंचीसाठी वेळ पुरते. परभणीकडे मेच्या मध्यात सव्वानऊला सूर्य साधारण ४५ अंशांवर असतो, म्हणजे उभ्या काठीची सावली काठीएवढीच पडते. त्याच महिन्यात साडेबाराच्या सुमारास तो बरोबर डोक्यावर येतो. अल्बमचं काम हिवाळ्यात हातात आलं तर? डिसेंबरात आपल्याकडे भर दुपारी सूर्य ४७ ते ४९ अंशांच्या वर चढतच नाही. म्हणजे मेमधल्या सव्वानऊचं ऊन डिसेंबरात दुपारी साडेबाराला मिळतं. एक काठी उभी करून तपासून घ्या.

मोबाइल असेल तर जवळ जाऊन काढू नका. जवळून बांगडीचा पुढचा भाग फुगतो. दीड-दोन मीटर लांब उभं राहून झूम करा. आणि हो, त्या फोटोतल्या सावलीकडे नीट बघा, एक प्रत बाजूला उघडी ठेवा. तुमची सावली खरी की खोटी हे सांगणारा साक्षीदार तोच.

बसवणं

Pen Tool ने बांगड्या कापून घ्या आणि फोटोत आणा. बाहेरचा व्यास ५७ अधिक दोन्ही बाजूंची जाडी ३-३ मिलिमीटर, म्हणजे ६३. आपल्या मापात ६३० पिक्सेल. मनगट ५२० चं आहे, म्हणजे बांगडी मनगटाच्या बाहेर डोकावलीच पाहिजे: वर फक्त स्वतःच्या जाडीइतकी, ३० पिक्सेल, आणि खाली ५० ची फट अधिक ३० ची जाडी. मनगटाच्या कडेला बरोबर कापलेली बांगडी रंगवल्यासारखी दिसते.

बाक कुठल्या बाजूला, यात हमखास गोंधळ होतो. स्टीलचा पेला हातात घ्या आणि तोंड आपल्याकडे थोडं झुकवा. पेल्याच्या अंगावरची रेघ आपल्या बाजूला तोंडापासून दूर, बुडाकडे फुगलेली दिसते. मनगटाचंही तेच. पंजा कॅमेऱ्याकडे येत असेल तर बांगड्यांचा बाक कोपराकडे, पंजा लांब जात असेल तर बाक बोटांकडे. या फोटोत हात जवळजवळ आडवाच होता, बांगड्या अगदी किंचित कोपराकडे वाकवल्या. Ctrl+T, उजवी क्लिक, Warp. बाक उलटा पडला म्हणून चित्र आडवं पालटू नका. बाक सुधारतो, पण चमक उलट्या बाजूला जाते आणि डावीकडच्या उन्हात उजवीकडून चमकणारी पाटली तयार होते.

सावलीचा रंग भागाकाराने

काळा ब्रश घेऊन Opacity कमी केली की सावली राखाडी होते, आणि गव्हाळ-सावळ्या कातडीवर राखाडी म्हणजे काजळ लागल्यासारखं दिसतं. कातडीची सावली तांबूस-तपकिरी असते. उजेड कातडीच्या आत थोडा शिरून पसरतो, त्यात लाल सर्वात लांब जातो, म्हणून सावलीत, विशेषतः तिच्या कडेला, लाली उरते.

तो रंग अंदाजाने शोधायची गरज नाही. फोटोतच आहे. त्याच हातावर कुठं तरी उन्हाची सावली पडलेली असतेच, इथं विड्याच्या पानाची बोटांवर पडली होती. Eyedropper ने सावलीतली कातडी मोजली, मग तिच्या शेजारची उन्हातली. प्रत्येक रंगासाठी सावलीचा आकडा भागिले उन्हाचा आकडा, गुणिले २५५:

```
        R    G    B
ऊन     190  138  106
सावली   118   74   54

R: 118 / 190 x 255 = 158
G:  74 / 138 x 255 = 137
B:  54 / 106 x 255 = 130
```

हा 158, 137, 130 रंग भरलेला लेयर Multiply वर ठेवला की उन्हातली कातडी बरोबर त्या फोटोतल्या सावलीइतकीच गडद होते. Opacity १०० टक्केच ठेवायची. भागाकार असल्यामुळे मेंदी, लव, शिरा, हळदीचे डाग सगळं खालून जसंच्या तसं दिसत राहतं. साडीवर पडणारी सावली वेगळ्या लेयरवर करा आणि तिचा भागाकार साडीवरूनच काढा, कारण कापडाचं प्रमाण वेगळं येतं.

मोजताना दोन्ही ठिकाणी Eyedropper चा Sample Size 5 by 5 Average ठेवा. एकाच पिक्सेलवर गेलात तर एखादा हळदीचा कण सापडेल आणि सगळी सावली पिवळी होईल.

सावलीचा आकार

आता मुख्य काम. बांगड्यांच्या खाली आणि कातडीच्या वर नवीन लेयर, Multiply, आणि त्याला मनगटाचा मास्क, म्हणजे सावली हाताबाहेर सांडणार नाही.

ऊन बोटांकडून येतंय, तर सावली कोपराच्या बाजूला. किती लांब? ४५ अंशांच्या उन्हात बांगडी कातडीपासून जितकी वर, साधारण तितकीच सावली सरकते. त्यात बांगडीची स्वतःची जाडी मिळवायची. वरच्या कडेला फट शून्य, म्हणून फक्त जाडी: ३ मिलिमीटर, ३० पिक्सेल. मध्यभागी फट ९ आणि जाडी ३, मिळून १२ मिलिमीटर, १२० पिक्सेल. म्हणजे शेवटच्या बांगडीची कड जवळपास सरळ उभी असली तरी सावलीची कड वर चिकटलेली, मध्ये लांब गेलेली, विळ्यासारखी होते. Pen Tool ने हाच विळा काढा आणि रंग भरा. हे आकडे काटेकोर नाहीत, ऊन थोडं पुढून असल्याने दहा-वीस पिक्सेल इकडेतिकडे होणारच. बहिणीच्या हाताच्या फोटोवर ठेवून मी मध्यभागी १२० चे ११० केले.

विळ्याचं खालचं टोक कुठं संपवायचं? इथं बहुतेक जण अडकतात आणि सावली खालच्या कडेपर्यंत ओढतात. ऊन वरून आहे, मनगट गोल आहे, तेव्हा मनगटाचा खालचा भाग आधीच स्वतःच्या सावलीत आहे. तिथं ऊन पोचतच नाही, मग बांगडी अडवणार काय? सावलीवर सावली पडत नाही. विळा जसजसा खालच्या अंधाऱ्या भागात जातो तसतसा विरत जाऊन नाहीसा व्हायला हवा. लेयर मास्कवर मऊ, मोठ्या ब्रशने खालचा तिसरा भाग हळूहळू पुसा. नाही पुसला तर तिथं दुप्पट काळा डाग पडतो. खोट्या बांगड्या ओळखायची माझी पहिली खूण हीच आहे.

आठही बांगड्यांना वेगळी सावली द्यायची गरज नाही. त्या एकमेकींना खेटून असतात, मधल्यांची सावली शेजारणीखालीच पडते. बांगड्यांमधल्या बारीक फटींत फक्त गडद तपकिरी रेघ पुरते.

कड किती मऊ? हे ऊन कसं आहे त्यावर. सूर्य आकाशात अर्ध्या अंशाचाच दिसतो, त्यामुळे दर १०० मिलिमीटर अंतराला सावलीची कड जेमतेम १ मिलिमीटर फाकते. आपलं अंतर १२ मिलिमीटरच, म्हणजे १ पिक्सेल. कातडी स्वतः थोडी कड मऊ करते, म्हणून २ ते ३ पिक्सेलचा Gaussian Blur द्या आणि थांबा. उन्हातल्या फोटोला पंधरा पिक्सेलचा ब्लर देऊन "सॉफ्ट" करणं म्हणजे अंगणात मांडव उभा करणं. मांडवाच्या कापडाखाली किंवा स्टुडिओत गोष्ट वेगळी. समजा ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स दीड मीटरवर आहे. ६० भागिले १५० म्हणजे ०.४. मध्यभागी ९ मिलिमीटरच्या फटीला कड ३.६ मिलिमीटर, ३६ पिक्सेल फाकणार. ब्लरचा आकडा याच्या चौथ्या हिश्शाच्या थोडा वर, म्हणजे १० च्या आसपास. पण वरच्या कडेला, जिथं बांगडी टेकते, तिथं फाक नाहीच. म्हणून अशा उजेडात सावलीच्या दोन प्रती ठेवा, एक २ ची आणि एक १० ची, आणि मास्कवर Gradient ओढून वर पहिली, मध्ये दुसरी दिसू द्या.

टेकण्याची रेघ, आणि काचेचा हिरवा

बांगडी जिथं खरंच टेकते तिथं कातडी आणि काच यांच्यामध्ये एक बारीक, फार गडद रेघ असते. आणखी एक Multiply लेयर, ४-५ पिक्सेलचा ब्रश, रंग वरच्याच जातीचा पण अजून गडद, आणि फक्त वरच्या कडेच्या शंभर-सव्वाशे पिक्सेलमध्ये, बांगडीला अगदी खेटून. खाली येताना रेघ विरली पाहिजे. मध्यभागी ही रेघ आली की डोळा म्हणतो बांगडी तिथंही टेकलीय, आणि लगेच शेजारची लांब गेलेली सावली खोटी पडते. पाटलीलाही तीच रेघ, तेवढ्याच जागेत.

आता काच. सोनं उजेड पूर्ण अडवतं, हिरवी पारदर्शक काच अडवत नाही. गच्चीवरच्या फोटोत बघितलं तर बहिणीच्या हातावरची सावली सपाट तपकिरी नव्हतीच. मध्यभागी, १२ मिलिमीटरच्या पट्ट्यात, शेवटच्या चार बांगड्यांचे चार पट्टे पडले होते: प्रत्येकाच्या मधोमध हिरवट उजळ रेघ, दोन्ही बाजूंना गडद. वर जाताना पट्टे एकमेकांत शिरत जाऊन कडेला एकच उरला होता. काच भिंगासारखी उजेड गोळा करते, त्याच त्या रेघा.

हे करायला विळ्याच्या लेयरवर Clipping Mask लावून एक लेयर घेतला, त्यावर विळ्याच्याच बाकाच्या चार बारीक रेघा काढल्या, रंग 130, 170, 125. वर एकत्र येतील अशा, मध्ये सुट्या. १ पिक्सेलचा ब्लर. रेघा फार उजळ केल्या की हातावर हिरवे दिवे लागल्यासारखे दिसतात. काच जुनी, जाड किंवा अपारदर्शक असेल तर त्या मुळीच नकोत. लाखेच्या आणि प्लास्टिकच्या बांगड्यांनाही नकोत. हात सगळा मेंदीने भरलेला असेल तरी मी सोडून देतो, तिथं कुणाला दिसत नाहीत.

पाटली बोटांकडे आहे, म्हणजे उन्हाच्या बाजूला. ती ऊन अडवते तसं परतही फेकते. तिच्या डाव्या बाजूच्या कातडीवर पिवळसर उजेड येतो. मोठा मऊ ब्रश, सोनेरी रंग, लेयर Soft Light वर, Opacity १० ते १५ टक्के. दिसला की जास्त झाला असं समजा.

शेवटी दाणे. मूळ फोटो कॅमेऱ्याचा, बांगड्या मोबाइलच्या, म्हणून बांगड्या जास्त धारदार आणि गुळगुळीत दिसत होत्या. अर्ध्या पिक्सेलचा ब्लर आणि Add Noise एक-दीड टक्का, एवढ्यावर जुळलं. तपासायला फोटो उलटा करून बघा. हात ओळखीचा वाटेनासा झाला की डोळा सावल्यांकडेच बघतो, आणि जे खटकायचं ते लगेच खटकतं.

बदल मागतीलच

म्हणून प्रत्येक बांगडी वेगळ्या लेयरवर ठेवा, सावल्यांचा गट वेगळा ठेवा, आणि PSD जपून ठेवा. या फोटोचं काम झालं, आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवला, "आता भरल्यावानी दिसायल्यात" असा निरोपही आला. दुसऱ्या दिवशी नवरीच्या आजीचा फोन. "लेका, समदं झकास झालंय. फक्त एक बांगडी वाढव."

मी नववी चढवली. एक बांगडी वाढली की शेवटची कड ३ मिलिमीटर कोपराकडे सरकते, म्हणून सावल्यांचा सगळा गट ३० पिक्सेल उजवीकडे नेला. कोपराकडे हात थोडा जाड होत जातो, तिथं फट कमी, म्हणून विळा मध्ये ११० चा १०० केला, मास्क परत पुसला, पाठवला.

संध्याकाळी परत फोन. "अरे, वाढव म्हणलं होतं मी!"

तेव्हा कुठं डोक्यात शिरलं. आजीच्या तोंडी लग्नाच्या चुड्याबद्दल "काढ" हा शब्द येणार नव्हता. बांगडी फुटली तरी "वाढली" म्हणायचं. तिला आठाच्या सात हव्या होत्या. नववी आणि आठवी लपवली, गट ६० पिक्सेल डावीकडे आणला, विळा परत लांबवला. PSD होती म्हणून पाच मिनिटांत झालं.